आपल्याच घराचा वास आपल्याला का येत नाही, आणि तो ओळखायचा कसा

दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकताच तिथला वास जाणवतो, स्वतःच्या घराचा मात्र जाणवत नाही. यामागे दोन वेगवेगळ्या प्रक्रिया आहेत. पहिली नाकातच, काही सेकंदांत घडते. वासाचे रेणू सतत येत राहिले की वास टिपणाऱ्या चेतापेशी आपला प्रतिसाद कमी करतात. मोकळ्या हवेत गेल्यावर त्या थोड्याच वेळात सावरतात. दुसरी प्रक्रिया संथ आणि चिवट आहे. रोजचा, निरुपद्रवी वास मेंदू हळूहळू दुर्लक्षित करायला शिकतो. पॅमेला डाल्टन आणि चार्ल्स वायसॉकी यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांच्या घरात एक ठरावीक वास दोन आठवडे ठेवला होता. त्या वासाबद्दलची त्यांची संवेदना मंदावली, आणि वास काढून टाकल्यावरही ती लगेच पूर्ववत झाली नाही.

म्हणून दोन मिनिटं गॅलरीत उभं राहून परत आत येण्याचा फारसा उपयोग नाही. त्याने फक्त पहिली प्रक्रिया मागे फिरते.

बाहेर किती वेळ राहावं?

जितका जास्त, तितकं बरं. प्रवासाहून परतल्यावर दार उघडतानाचा क्षण सर्वात चांगला, पण त्यात एक गफलत होते. घर बरेच दिवस बंद असलं की न्हाणीघरातल्या जाळीखालच्या वळणातलं पाणी आटतं आणि गटाराचा वास वर येतो. कोंडलेल्या हवेचाही वास त्यात मिसळतो. म्हणजे नाक ताजं असतं, पण समोरचा वास रोजचा नसतो. म्हणून परतल्यावर जाळीत तांब्याभर पाणी ओता, खिडक्या उघडा, आणि नंतर एखाद्या साध्या दिवशी पुन्हा तपासा. त्या दिवशी सुगंधी फवारा मारू नका, आणि निघताना खिडक्या बंद करा. तीन-चार तास बाहेर मोकळ्या हवेत काढा. सर्दी असेल तर हा खटाटोप पुढे ढकला.

दारात काय करावं?

आत येण्याआधी नाक शिंकरून साफ करा. दार उघडून उंबऱ्याशीच थांबा आणि दोन-तीन छोटे हुंगे घ्या. एकच लांब श्वास ओढू नका. मनात येईल तो पहिला शब्द लगेच मोठ्याने म्हणा किंवा फोनवर बोलून ठेवा: तेलकट, ओलसर, धुळीचा, आंबट. चांगला की वाईट हे ठरवत बसू नका, त्यात वेळ जातो आणि तेवढ्यात नाक सरावतं. कॉफीच्या बिया हुंगून नाक ‘धुतलं’ जातं असं म्हणतात, पण साध्या हवेपेक्षा त्यांचा जास्त उपयोग होतो असं चाचणीत दिसलेलं नाही.

पाहुण्याला विचारणं हा सोपा मार्ग आहे, फक्त प्रश्न नीट हवा. ‘दमट वास येतो का हो?’ असं विचारलंत तर त्याला तो यायलाच लागेल. ‘आत आल्याबरोबर कसला वास आला?’ एवढंच विचारा, तेही पहिल्या मिनिटातच. घरातल्या माणसाला विचारून उपयोग नाही, त्याचं नाकही तितकंच सरावलेलं असतं.

वास नेमका कुठून येतो?

समजा, ‘ओलसर’ हा शब्द आला. झाकणाच्या चार स्वच्छ, कोरड्या काचेच्या बरण्या घ्या. एकीत हात पुसायचा टॉवेल, दुसरीत सोफ्यावरचं कापड, तिसरीत कपाटाच्या तळाशी पडलेलं कापड ठेवा. चौथी रिकामी ठेवा, कारण बरणीला स्वतःचा वास असेल तर तोही कळायला हवा. झाकणं लावून रात्रभर उबदार जागी ठेवा. उबेने वास जास्त सुटतो. दुसऱ्या दिवशी काही तास बाहेर घालवल्यावर कुणाला तरी बरण्या बाहेर आणून द्यायला सांगा. उघड्यावर डोळे मिटून एकेक हुंगा, मध्ये मिनिटभर थांबा.

टॉवेलच्या बरणीत तोच वास सापडला तर टॉवेल धुऊन कडक वाळवा. दोन-तीन दिवसांत वास परत आला तर टॉवेलच्या जागेकडे बघा: तिथे तो वाळतच नसणार. दांडी खिडकीजवळ हलवली तर बहुतेक वेळा काम होतं. चारही बरण्या निर्दोष निघाल्या तर कापडांना सोडा आणि सिंकखालचं कपाट, कचऱ्याच्या डब्याचं झाकण, भिंतीतली ओल इकडे वळा.

स्वयंपाकाच्या गॅसबाबत मात्र असला कोणताही प्रयोग करू नका. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो, पण नाक त्यालाही सरावतं. आधी आलेला वास नंतर येईनासा झाला म्हणून गळती थांबली असं समजू नका. विजेचं कोणतंही बटण न दाबता बाहेर पडा आणि बाहेरूनच मदत बोलवा.