पाच रंगांचं प्रूफ: शेजारी कोणत्या क्रमाने बसलेत ते आधी बघा

फाइव्ह कलर थिअरम सांगतो: प्लेनर, म्हणजे एजेस एकमेकींना न छेदता कागदावर काढता येणारा, कुठलाही ग्राफ पाच रंगांत असा रंगवता येतो की जोडलेल्या दोन व्हर्टेक्सचा रंग कधीच एक नसतो. हा थिअरम येतो म्हणणाऱ्या ज्युनिअरला मी एकच प्रश्न विचारतो: त्याचं प्रूफ K6 वर चालवून दाखव, कुठे अडतंय? K6 मध्ये सहा व्हर्टेक्स, प्रत्येक जण बाकी सगळ्यांना जोडलेला, म्हणजे प्रत्येकाची डिग्री पाच. एक काढला की उरतो K5, त्याला पाच रंग आरामात पुरतात. सुरुवात हुबेहूब आपल्या प्रूफसारखीच झाली की! पण K6 ला सहा रंग लागतात. मग आपल्या प्रूफमधली नेमकी कुठली ओळ इथे खोटी पडते? या प्रश्नावर मी स्वतः बराच काळ लटकलो होतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

सोपा भाग पटकन उरकू. ऑयलरचं V − E + F = 2 तुम्हाला माहीत आहेच. साध्या प्लेनर ग्राफमध्ये प्रत्येक फेसला किमान तीन एजेस लागतात, त्यावरून V किमान तीन असेल तर E ≤ 3V − 6 मिळतं. सगळ्या डिग्रींची बेरीज 2E, म्हणजे जास्तीत जास्त 6V − 12. सगळ्यांची डिग्री सहा किंवा जास्त असती तर बेरीज किमान 6V झाली असती. म्हणून कुठेतरी पाच किंवा कमी डिग्रीचा एक तरी व्हर्टेक्स सापडतोच. एक तरी, एवढंच. 'प्लेनर ग्राफमध्ये सगळ्यांची डिग्री पाचपर्यंतच असते' असं लिहिलेल्या उत्तरपत्रिका मी पाहिल्या आहेत, तेवढं कृपा करून टाळा.

हा व्हर्टेक्स v. तो काढा, उरलेल्या ग्राफला इंडक्शनने पाच रंगांत रंगवा, v परत ठेवा. शेजाऱ्यांनी चार किंवा कमी रंग वापरले असतील तर उरलेला रंग v ला द्या, काम संपलं. सहा रंगांची परवानगी असती तर प्रूफ इथेच आटोपलं असतं. पाच रंगांत फक्त एकच प्रसंग छळतो: v ला बरोबर पाच शेजारी आहेत आणि पाचही जणांचे रंग वेगळे.

आता सापळा. बाजारातल्या तयार नोट्समध्ये इथे लिहिलेलं असतं, 'समजा शेजारी a1 ते a5, रंग १ ते ५.' या ओळीत अर्धं प्रूफ हरवतं. आधी ग्राफ कागदावर काढायचा, एजेस एकमेकींना न छेदता. मग v भोवती घड्याळाच्या दिशेने फिरत शेजाऱ्यांना ओळीने a1, a2, a3, a4, a5 म्हणायचं, आणि त्यांच्या रंगांना त्याच क्रमाने १ ते ५. क्रमांक चित्रावरून पडतात, आपल्या सोयीने नाही. 'घड्याळाच्या दिशेने' हे दोन शब्द उत्तरात नसतील तर मी गुण कापेन, बाकी पानभर काहीही लिहा.

का, ते बघा. a1 पासून निघून फक्त १ आणि ३ रंगांच्या व्हर्टेक्सवरून जिथे जिथे पोचता येतं तो सगळा तुकडा घ्या. यालाच केंप चेन म्हणतात. तिच्यात a3 नसेल तर अख्ख्या तुकड्यात १ आणि ३ ची अदलाबदल करा. अख्ख्या म्हणजे अख्ख्या. नुसता a1 ला ३ रंग दिला तर त्याचा ३ रंगाचा एखादा शेजारी लगेच भांडायला उठेल. पूर्ण तुकडा बदलला तर आत कुठे भांडण नाही, आणि बाहेरच्या शेजाऱ्यांचे रंग २, ४, ५, त्यांनाही त्रास नाही. आता a1 चा रंग ३, म्हणजे १ मोकळा झाला. तो v ला.

चेन a3 पर्यंत पोचत असेल तर? मग a1 पासून a3 पर्यंत १-३ रंगांची वाट आहे. तिला v जोडला की बंद कुंपण तयार होतं. a2 आणि a4 या कुंपणाच्या दोन वेगवेगळ्या बाजूंना पडतात, कारण v भोवती फिरताना a1 आणि a3 च्या मध्ये एकीकडे फक्त a2 आहे, दुसरीकडे a4 आणि a5. आता a2 पासूनची २-४ चेन a4 ला गाठू शकत नाही. कुंपण ओलांडायचं तर एकतर कुंपणावरच्या व्हर्टेक्सवरून जावं लागेल, पण तिथे रंग १ किंवा ३ आहेत (आणि v ला अजून रंगच नाही), नाहीतर एज छेदावी लागेल, ते प्लेनर चित्रात चालत नाही. म्हणून a2 च्या चेनमध्ये २ आणि ४ बिनधास्त बदला, v ला २ द्या.

शेजारशेजारचे a1 आणि a2 घेतले असते तर कुंपण झालंही असतं, पण उरलेले तिघेही एकाच बाजूला पडले असते. कोणीच कोणापासून तुटलं नसतं. K6 मध्येही हेच मोडतं: a1-a3 एज सरळ आहे, a2-a4 एजही सरळ आहे, आणि सपाट चित्र नसल्यामुळे एकीने दुसरीला अडवायचा प्रश्नच येत नाही. प्लेनर असणं आपण दोनदा वापरतो, एकदा मोजणीत आणि एकदा कुंपणात. K6 मोजणीतून निसटतो, कारण त्यालाही पाच डिग्रीचा व्हर्टेक्स आहे, आणि कुंपणावर पकडला जातो.

हे एकदा हाताने करा. माझं लाडकं उदाहरण आयकोसाहेड्रन: १२ व्हर्टेक्स, ३० एजेस, प्रत्येकाची डिग्री बरोबर पाच. म्हणजे 'पाच'च्या जागी 'चार' लिहायची सोय नाही. वर v, त्याखाली a1 ते a5 चं कडं, त्याखाली b1 ते b5 चं कडं, तळाला w. प्रत्येक b आपल्या आणि आधीच्या क्रमांकाच्या a ला जोडलेला, म्हणजे b2 हा a1 आणि a2 ला, b1 हा a5 आणि a1 ला. a ना रंग १ ते ५ द्या, b ना ओळीने २, ३, १, २, ३, आणि w ला ४. कुठेही टक्कर नाही, तपासून घ्या. v अडकलाय. १-३ चेन बघा: a1, b2, b3, a3, रंग १, ३, १, ३. पोचली! कुंपणाच्या आत एकटा a2. v सोडून त्याचे शेजारी a1, a3, b2, b3, सगळे १ किंवा ३ रंगाचे, म्हणजे त्याची २-४ चेन त्याच्यापुरतीच. a2 ला ४ करा, v ला २. सुटलं. (आयकोसाहेड्रनला खरं तर चार रंगही पुरतात, पण आपल्याला इथे युक्ती चालताना बघायची होती.)

हे जमलं की 'मग चार रंगांतही असंच करू' असं वाटणारच. वाटू द्या, अल्फ्रेड केंपलाही वाटलं होतं. १८७९ साली त्याने चार रंगांचं प्रूफ छापलं आणि ११ वर्षं ते लोकांनी मानलं. १८९० मध्ये पर्सी हेवुडने चूक दाखवली आणि त्याच युक्तीतून पाच रंगांचं प्रूफ वाचवलं. चार रंगांत पाच शेजाऱ्यांपैकी दोघांचा रंग एकच असतो, त्यामुळे तो रंग मोकळा करायला दोन अदलाबदली लागतात. प्रत्येक एकेकटी बरोबर असते, पण पहिली केली की दुसऱ्या चेनला अडवणारं कुंपणच बदललेलं असू शकतं. पाच रंगांत आपण एकदाच अदलाबदल करतो, १-३ ची किंवा २-४ ची, दोन्ही कधीच नाही. तुमच्या उत्तरात एकापाठोपाठ दोन अदलाबदली दिसल्या, तर दुसरीच्या आधी चेन नव्याने तपासली आहे का ते पाहा.