टाके घालण्याआधी: मिलिमीटरचा नमुना आणि सुयांचे जुने नंबर

गोव्यात स्वेटर बहुधा बाहेर पाठवायलाच विणला जातो. आमच्याकडे तो बोटीवरच्या तारवटी भाच्यासाठी आहे. नमुन्यात अंगासाठी ४.५ मिमी आणि बॉर्डरसाठी ३.७५ मिमीच्या सुया सांगितल्या आहेत. घरातल्या डब्यात मात्र आजीपासूनच्या सुया आहेत, ज्यांच्या टोपीवर नुसता नंबर असतो.

पहिली तयारी म्हणजे तो नंबर कोणत्या पद्धतीचा आहे हे ठरवणे. आपल्याकडच्या जुन्या सुया बहुधा ब्रिटिश नंबरच्या. हे नंबर तारेच्या गेजवरून आले. तार जितक्या वेळा ओढून बारीक करावी तितका नंबर वाढतो, म्हणून १० नंबरची सुई ७ नंबरपेक्षा बारीक असते. अमेरिकी नंबर याच्या उलटे, जाडीबरोबर वाढत जाणारे. आपल्या नमुन्यापुरते वहीत एवढेच लिहून ठेवा: ४.५ मिमी म्हणजे ब्रिटिश ७ आणि अमेरिकीसुद्धा ७; ३.७५ मिमी म्हणजे ब्रिटिश ९, पण अमेरिकी ५.

खरा धोका इथेच आहे. सात नंबर दोन्हीकडे एकच निघतो, त्यामुळे हातातला तक्ता आपलाच आहे असे वाटते. मग त्याच अमेरिकी तक्त्यातून बॉर्डरसाठी ५ उचलला आणि म्हापशाच्या किंवा मडगावच्या दुकानात ‘पाच नंबरच्या द्या’ म्हटले, तर हातात ब्रिटिश ५, म्हणजे ५.५ मिमीची सुई येऊ शकते. बॉर्डर अंगापेक्षा जाड सुईवर विणली जाईल. एक सुलट एक उलटची बॉर्डर अंगाला धरून आत ओढली जायला हवी. ती सैल पडून झालरीसारखी बाहेर पसरली, तर वीण उसवून आधी सुई तपासा. ब्रिटिश पद्धतीत बॉर्डरचा नंबर नेहमी अंगाच्या नंबरापेक्षा मोठा असतो. दुकानातून निघण्याआधी एवढे पाहिले तरी ही चूक लगेच दिसते.

टोपीवरचा नंबर पुसला असेल, किंवा गोल सुईवर तो नसेलच, तर मोजणे आले. भोकांची पट्टी नसल्यास कागदाची बारीक पट्टी सुईच्या मधल्या भागावर, टोकापासून दूर, एकदा घट्ट गुंडाळा. पट्टी एकमेकीवर येते तिथे टाचणीने दोन्ही पदरांना भोक पाडा आणि भोकांमधले अंतर मोजा. ७ नंबरला ते साधारण १४ मिमी येईल, ८ नंबरला साडेबारा, ९ नंबरला पावणेबारा. आठ आणि नऊमधला फरक एक मिलिमीटरही नाही, म्हणून दोन-तीनदा मोजा. शक्य असल्यास ओळखीच्या गॅरेजमधून व्हर्नियर कॅलिपर मागून आणा. त्याने शंका उरत नाही.

सगळ्या मापांना जुना नंबर मिळतोच असेही नाही. ३.५ मिमीला ब्रिटिश नंबर नाही. ती ९ आणि १० यांच्या मधली. तिथे तक्ता निवाडा करत नाही, वीण करते.

म्हणून शेवटची तयारी नमुन्याच्या तुकड्याची, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ तिलाच द्यावा. आपल्या नमुन्यात १० सेंटिमीटरला २० टाके आहेत. ३० टाके घालून ७ नंबरवर साधारण १५ सेंटिमीटरचा चौकोन विणा, धुवा, आणि पूर्ण वाळू द्या. पावसात आपल्याकडे लोकर दोन दिवसही दमट राहते, आणि दमट तुकडा ताणून जास्त माप दाखवतो, तेव्हा घाई नको. कडा सोडून मधल्या १० सेंटिमीटरमधले टाके मोजा. २० आले तर छातीच्या २०० टाक्यांचा घेर बरोबर १०० सेंटिमीटर होईल. २२ आले तर तोच घेर ९१ सेंटिमीटरवर येतो आणि स्वेटर अंगात शिरणार नाही. तेव्हा जाड सुई घ्यायची, म्हणजे नंबर खाली उतरायचा: ६ घेऊन नवा तुकडा विणायचा. उलट १८ आले तर घेर १११ सेंटिमीटर होतो. मग ८ नंबरकडे चढा. अंगाची सुई बदलली तर बॉर्डरचीही त्याच दिशेने एक नंबर बदला.

जुळलेल्या सुयांचे मिमी आणि नंबर दोन्ही कागदावर लिहा आणि तो कागद तुकड्याला टाचून लोकरीच्या पिशवीत ठेवा. बाह्या विणायला घ्याल तेव्हा त्याच जोडीच्या सुया हाताशी असतील.