पांदण साफ करताना गाजर गवताच्या बाबतीत या चुका टाळा

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात आमच्या गावात पांदण साफ करायची पद्धत आहे. जूनच्या पावसात उगवलेलं गाजर गवत तोवर कमरेएवढं होऊन पांढऱ्या फुलांनी भरलेलं असतं. माझे मोठे बाबा दरवर्षी सगळ्यांत पुढे. बाह्या वर खोचायच्या, उघड्या हातांनी उपटायचं आणि घाम आला की खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसायचं. दोन वर्षांपूर्वी मी हातमोजे घालायला सांगितलं तर म्हणाले, "तीस वर्सं झाली उपटतो मी हे. मले कधी काई झालं नाई."

मी गावातल्या आरोग्य उपकेंद्रात काम करते. सगळ्यांत जास्त वेळा ऐकू येणारी चूक हीच आहे. गाजर गवताच्या पानांवर आणि खोडावर बारीक लव असते. त्यात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. खाजकुइली लागली की तिथल्या तिथे आग होते, पण पार्थेनिन तसं वागत नाही. वर्षानुवर्षं अंगाला लागून लागून शरीर त्याला ओळखायला शिकतं, आणि एकदा ओळख पटली की पुढच्या वेळी थोडंसं लागलं तरी त्वचा पेटते. म्हणून "मला काही होत नाही" याचा अर्थ "अजून झालेलं नाही" एवढाच घ्यायचा. हा त्रास बहुधा उमेदीची वर्षं वावरात घालवलेल्या माणसांत दिसतो, तो त्यामुळेच.

त्या वर्षी सोमवारी सकाळी गवत उपटलं. संध्याकाळपर्यंत काही नव्हतं. बुधवारी उठले तेव्हा मोठ्या बाबांच्या पापण्या सुजल्या होत्या, मान लाल झाली होती आणि कोपराच्या आतल्या बाजूला खाज सुटली होती. मध्ये दीड-दोन दिवस गेल्यामुळे गवताचा संशय कुणालाच आला नाही. "ऊन लागलं असन," असं म्हणून विषय संपला.

उन्हाचा त्रास की गवताचा, हे घरच्या घरी बरंचसं ओळखता येतं. ऊन जिथे पोचत नाही त्या जागा बघायच्या: वरच्या पापणीची घडी, कानामागची जागा, हनुवटीखालचा भाग आणि मानेच्या वळ्या. उन्हाच्या त्रासात या जागा बहुतेक सुटतात. गवताचा बारीक भुगा मात्र हवेतून येऊन नेमका तिथेच बसतो, कारण तिथे घाम साचतो. मोठ्या बाबांच्या चारही जागा लाल होत्या, आणि बनियनखालची छाती-पाठ स्वच्छ होती. बिब्याचं तेल उडालं तर जिथे थेंब पडला तिथेच काळसर डाग आणि फोड येतो, त्यामुळे त्याच्याशी गोंधळ होत नाही. गवताचा त्रास पावसाळ्यात उसळतो आणि थंडीत बसतो. काही वर्षं दुर्लक्ष केलं तर तो बारमाही होतो, कातडी जाड आणि खरखरीत होते आणि मग खरोखर ऊनही सोसत नाही.

दुसरी चूक मेडिकलच्या दुकानात झाली. तिथून "खाजेचं मलम" आलं. अशा मिश्र मलमांत बऱ्याचदा जोरकस स्टेरॉइड असतं. चार दिवसांत चेहरा निवळला, मलम थांबवलं आणि आठवड्यात दुप्पट त्रास परतला. असं तीनदा झालं. चेहऱ्याची आणि पापणीची कातडी पातळ असते. तिथे असं मलम महिनोन्महिने लावलं तर ती आणखी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात आणि मूळ कारण झाकलं जातं. स्टेरॉइड वाईट औषध नाही. या त्रासात डॉक्टरही तेच देतात, पण कुठल्या जागी किती जोराचं आणि किती दिवस, हे ठरवून.

दिवाळीनंतर आम्ही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात गेलो. नागपूर, यवतमाळ, अकोला इथे ही सोय आहे. तिथे पॅच टेस्ट झाली. ज्या द्रव्यांचा संशय असतो त्यांच्या पट्ट्या पाठीवर चिकटवतात, दोन दिवस ठेवतात, काढल्यावर बघतात आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी बघतात. तेवढे दिवस पाठ भिजू द्यायची नाही आणि घाम येईल असं काम करायचं नाही. आधी स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या असतील किंवा पाठीला मलम लावलं असेल तर डॉक्टरांना सांगायचंच, नाहीतर चाचणी खोटी कोरी निघू शकते. मोठ्या बाबांची गाजर गवताची पट्टी लाल आणि फुगीर निघाली. शेवंती आणि सूर्यफूल याच कुळातले असल्यामुळे अशा माणसाला त्यांचाही त्रास होऊ शकतो, हे तिथेच कळलं.

गवत फुलात असताना शिंका आणि नाक गळणं सुरू झालं, किंवा छातीत घरघर होऊ लागली, तर तो परागकणांचा वेगळा त्रास आहे. दम लागत असेल तर मलमाच्या नादी न लागता लगेच दवाखाना गाठायचा.

उपटायचं कधी आणि कसं

फुलावर आल्यावर उपटणं ही तिसरी चूक. तोवर पराग उडत असतो आणि बीही धरायला लागतं. एका झाडाला हजारो बिया येतात. उगवल्यापासून साधारण महिन्याभरात फूल येऊ शकतं, म्हणून पहिल्या चांगल्या पावसानंतर तीन आठवड्यांत पांदण बघून यावी. तेव्हा रोप जमिनीला चिकटून चक्रासारखं पसरलेलं असतं, पानं गाजरासारखी कातरलेली आणि फिकट हिरवी. शंका आली तर पान चोळून वास घेण्याचा मोह टाळा. खोड उंच व्हायला लागलं की त्यावर उभ्या रेघा आणि लव दिसते, नंतर ज्वारीच्या दाण्याएवढी पांढरी, पाच कोपऱ्यांची फुलं येतात.

ओल्या जमिनीतून मुळासकट उपटा. इळ्यानं कापलं तर बुडातून पुन्हा फुटतं. हातमोजे नसतील तर हाताला जाड प्लास्टिकच्या पिशव्या बांधा, बाह्या खाली सोडा आणि घाम पुसायला वेगळा कपडा ठेवा. दुपट्ट्यानं पुसलं की गवताचा भुगा थेट पापणीवर जातो, मोठ्या बाबांच्या बाबतीत बहुधा तेच झालं. घरी येताच साबणानं आंघोळ करा आणि ते कपडे वेगळे धुवा.

आम्ही ढीग तीन दिवस वाळवून पेटवला होता, ती चूक सगळ्यांत महागात पडली. वाळलेल्या गवतातही पार्थेनिन राहतं, आणि ढीग हलवताना उडणारा भुगा, पेटवल्यावर धुरासोबत जाणारी राख सगळ्यांच्या अंगावर येते. फुलाआधीचं गवत खड्ड्यात टाकून कुजवा, त्याचं खत होतं. बी धरलेलं मात्र खतात टाकू नका, बिया जिवंत राहिल्या तर वावरभर पसरतील.

रस्त्याकडेच्या पडीक जागेसाठी मिठाचं पाणीही चालतं: एक लिटरला 200 ग्रॅम, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला तीन किलो. कोवळ्या रोपांवर, उन्हाच्या दिवशी फवारायचं. धुऱ्यावर, झाडाच्या बुडाशी किंवा विहिरीजवळ नाही, कारण माती खारावते. पंप नंतर साध्या पाण्यानं दोनदा धुवायचा, नाहीतर गंजतो.

आता आम्ही दिवाळीच्या सुमारास तरोट्याच्या वाळलेल्या शेंगा गोळा करून ठेवतो आणि उन्हाळ्याच्या शेवटी पांदणीच्या दोन्ही कडांना बी टाकतो. तरोटा दाट उगवला की गाजर गवताला ऊन आणि जागा मिळत नाही. कोवळा असताना त्याची भाजी होते, ती खुडायला मोठे बाबाच जातात, पण बाह्या खाली सोडून.