कुत्रा गाडीत बांधलाय खरा, पण ढील किती ठेवलीय? या चुका टाळा

कुत्र्याला गाडीत बांधण्यामागे दोन वेगळे हेतू असतात. त्याने पुढे येऊन चालवणाऱ्याच्या मांडीत किंवा पायांत लुडबुड करू नये, हा एक. गाडी आदळली तर तो फेकला जाऊ नये, हा दुसरा. पहिलं काम साध्या दोरीनेही भागतं, दुसरं भागत नाही. ‘कुत्र्यांचा सीटबेल्ट’ म्हणून विकले जाणारे बरेचसे पट्टे पहिल्याच कामापुरते असतात. मालक मात्र दोन्ही कामं झाली असं समजून निर्धास्त गाडी चालवतो.

हुक गळपट्ट्याला अडकवणं

ही सगळ्यात वाईट चूक. साधा जोरात ब्रेक लागला तरी सगळा झटका मानेवर आणि श्वासनलिकेवर येतो. गाडीत हुक फक्त हार्नेसला अडकवायचा, तोही पाठीवरच्या कडीला. हार्नेसची छातीवरची पट्टी रुंद आणि जाड हवी, म्हणजे जोर छातीच्या हाडांवर पसरतो. फिरायला नेण्याच्या हार्नेसमध्ये अनेकदा पट्ट्या अरुंद असतात आणि चाप प्लॅस्टिकचे. रस्त्यावर ओढ सहन करायला ते पुरतात, अपघाताचा झटका सहन करतीलच याचा भरवसा नसतो. खरेदी करताना पाकिटावर नुसतं ‘सेफ्टी’ लिहिलंय म्हणून हुरळून जाऊ नका. धडकेची चाचणी झाली आहे का आणि ती किती वजनाच्या कुत्र्यासाठी, हे विचारा. वीस किलोसाठी तपासलेला हार्नेस तीस किलोच्या कुत्र्याला चालेल असं गृहीत धरता येत नाही.

‘बिचाऱ्याला जरा हलता यावं’ म्हणून पट्टा लांब सोडणं

यातला धोका आकड्यांत बघू. कुत्रा वीस किलोचा, गाडी ताशी 50 किलोमीटरवर, म्हणजे सेकंदाला जवळजवळ 14 मीटर. गाडी समोर आदळली आणि पुढचा भाग चेपत चेपत साधारण 60 सेंटिमीटरमध्ये थांबली असं धरा. कुत्रा सीटला घट्ट धरलेला असेल, तर तोही गाडीबरोबरच तेवढ्या अंतरात थांबतो. त्याच्यावर सरासरी सव्वातीनशे किलोच्या वजनाएवढा जोर येतो. जोर प्रचंडच आहे, पण चांगल्या हार्नेसची परीक्षा होते ती इथे.

आता पट्ट्यात 60 सेंटिमीटर ढील ठेवा. गाडी थांबत असताना कुत्रा मूळच्या वेगानेच पुढे जात राहतो. हिशोब केला तर पट्टा ताणला जातो नेमका गाडी पूर्ण थांबते त्या क्षणी. म्हणजे गाडी चेपल्याचा कुत्र्याला काहीच फायदा मिळाला नाही. त्याला आता पट्टा आणि हार्नेस ताणले जातील तेवढ्याच, समजा 10 सेंटिमीटर, अंतरात थांबायचंय. जोर जातो दोन हजार किलोच्या घरात. तिथे शिवण, चाप किंवा हुक यांपैकी काहीतरी तुटतं. नाही तुटलं, तर मार कुत्र्याच्या शरीरावर जातो. तोवर पुढच्या सीटची पाठ मध्ये आलेली असण्याची शक्यताही मोठी.

इलॅस्टिकच्या पट्ट्यांचं दुखणं हेच. रोजच्या ब्रेकला ते कुत्र्याला सुखाचे वाटतात, पण ताणले की ढील आणखी वाढते. मागच्या सीटवर आडव्या बांधलेल्या दोरीवर सरकणारा हुक तर मला अजिबात पटत नाही. त्यात कुत्रा या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत फिरतो आणि धडकेच्या वेळी कुठे असेल याचा नेम नसतो.

मग किती लांबी ठेवायची? कुत्र्याला बसता आणि आडवं होता यावं, एवढीच. पारख सोपी आहे. गाडी उभी असताना पुढच्या सीटवरून खाऊ दाखवा. पुढचे पाय सीटच्या कडेवरून खाली उतरले किंवा तोंड दोन सीटांच्या मध्ये आलं, तर पट्टा लांब आहे. पहिल्या दोन-चार वेळा तो कुरकुरेल. तेव्हा पट्टा सैल करण्यापेक्षा उभ्या गाडीत, इंजिन बंद ठेवून, त्याला तसं बसायची सवय लावा.

बांधलेला कुत्रा मधेच सुटतो, असं का?

बहुतेक वेळा दोष बकलच्या बटणाचा असतो. कुत्रा सीटवर गोल फिरतो, पंजा बटणावर पडतो आणि पट्टा निघतो. सीटच्या फटीत लहान मुलांच्या सीटसाठी दिलेली लोखंडी कडी असेल आणि हार्नेस बनवणाऱ्याने तशी परवानगी दिली असेल, तर पट्टा तिथे अडकवणं बरं. काचेचं बटणही असंच पंजाने दाबलं जातं, त्यामुळे मागच्या काचांचं लॉक लावूनच निघा. आणि दार उघडण्यापूर्वी दोरी हातात घ्या. पुष्कळ कुत्रे पळतात ते प्रवासात नव्हे, पोहोचल्यावर दार उघडताना.

मागे काही खुडबुड झाली, की मान वळवून बघायचा मोह होतो. ताशी 60 च्या वेगाला दोन सेकंद मागे बघितलं, तर गाडी 33 मीटर न बघता गेलेली असते. तो ओकला, अडकला किंवा भुंकतोय, काहीही असो, इंडिकेटर द्या, बाजूला थांबा आणि मग बघा. सोबत कोणी असेल तर मागची जबाबदारी त्याची, हे निघण्याआधीच ठरवा. पुढची सीट एअरबॅगमुळे बाद आणि चालवणाऱ्याची मांडी तर विचारातही घेऊ नये.

मांजराच्या पिंजऱ्यावरून सीटबेल्ट ओढणं

दिसायला हे अगदी शहाणपणाचं वाटतं. पण धडकेत बेल्ट आवळला जातो आणि त्यासाठी न बनवलेला प्लॅस्टिकचा किंवा कापडी पिंजरा चेपून फुटू शकतो. पिंजरा छोटा असेल, तर पुढच्या सीटच्या मागे, पाय ठेवायच्या जागेत घट्ट बसवा. तिथे त्याला पुढे जायला जागाच नसते. हलत असेल तर बाजूला टॉवेल कोंबा, फक्त हवेच्या जाळ्या मोकळ्या राहू द्या.

दुचाकीवर

स्कूटरच्या फूटबोर्डवर मोकळा उभा असलेला कुत्रा सगळ्यांना गोंडस वाटतो. चालवणाऱ्याचे पाय मात्र त्याच्यामुळे बाहेर ढकलले जातात. वळणावर तो उलट्या बाजूला झुकतो आणि दुसरा कुत्रा दिसला की उडी मारतो. दोरी हँडलला बांधली असेल, तर ती उडी थेट हँडल वळवते. खाली लोंबणारी दोरी चाकात गेली, तर काय होईल ते सांगायला नको. मागे बसलेल्याने कडेवर धरणं हाही उपाय नाही, कारण त्याचे दोन्ही हात अडकतात आणि स्वतःला धरायला काहीच उरत नाही.

लहान प्राणी न्यायचाच असेल, तर कडक तळाचा, जाळीदार कॅरिअर मागच्या रॅकवर चार ठिकाणी पट्ट्यांनी आवळून बांधा. रॅकची वजनाची मर्यादा आधी पाहा आणि त्यात कॅरिअरचंही वजन धरा. बांधून झालं की कॅरिअर धरून जोरात हलवा. सगळी स्कूटर हलली पाहिजे, नुसता कॅरिअर हलला तर पट्ट्या पुन्हा आवळा. चेन नाकाने ढकलून उघडणारे महाभाग असतात, तेव्हा चेनची दोन्ही टोकं छोट्या हुकने एकमेकांना अडकवा. पाठीवरच्या बॅगेत प्राणी असेल आणि तुम्ही पाठीवर पडलात, तर तो तुमच्या अंगाखाली येतो. म्हणून ती बॅग चालण्यासाठीच ठेवा. मोठ्या कुत्र्यासाठी दुचाकी हे वाहनच नव्हे, तिथे दुसरी सोय बघावी.

हार्नेसची काखेजवळची शिवण आणि कड्या अधूनमधून तपासा. तिथे कुत्र्याचे केस झिजलेले दिसले, तर माप चुकलंय. धडक सोसलेला हार्नेस वरून धड दिसला तरी पुन्हा वापरू नका. एकदा ताणलेले धागे दुसऱ्या झटक्याला तेवढा जोर सोसत नाहीत.