आजी पुन्हा तेच विचारतात तेव्हा

डिमेन्शिया झालेल्या माणसांची देखभाल करायला नव्याने येणाऱ्यांना मी पहिल्यांदा नमस्कार कसा करायचा ते शिकवते. मागून हाक मारायची नाही, दारातूनही बोलायला सुरुवात करायची नाही. समोरून, दिसेल असं सावकाश जायचं, त्या बसलेल्या असतील तर आपणही खाली बसायचं आणि मग म्हणायचं, "आजी, नमस्कार. मी सुनीता, तुमच्या मदतीला आलेय." "ओळखलंत का मला?" असं मात्र कधीच विचारू नका. ती परीक्षा होते, आणि नापास झाल्याची लाज त्यांना बरोबर कळते. नाव सांगून झालं की थांबा. ऐकलेलं समजायला त्यांना वेळ लागतो. उत्तर आलं नाही म्हणून आपण लगेच दुसरं वाक्य बोललो, तर पहिलंही वाया जातं.

एक आजी दुपारनंतर सारखं विचारायच्या, "मुलगी कधी येणार?" अल्झायमर या डिमेन्शियाच्या प्रकारात नवी आठवण साठवणारा मेंदूचा भाग लवकर बिघडतो, त्यामुळे पाच मिनिटांपूर्वीचं उत्तर त्यांच्याकडे उरतच नाही. त्यांच्या दृष्टीने प्रत्येक वेळचा प्रश्न पहिलाच असतो. "आत्ताच तर सांगितलं!" या वाक्यातली माहिती त्या विसरतात, पण आवाजातला राग बोचलेला राहतो. घडलेलं विसरलं तरी त्यातून आलेली भावना बराच वेळ टिकते.

म्हणून उत्तर छोटं आणि खरं ठेवायचं: "संध्याकाळी येणार आहे." मग प्रश्नामागच्या भावनेला हात घालायचा: "तिची आठवण येतेय ना? लहानपणी कशी होती ती?" लेकीच्या वेण्यांबद्दल बोलताना या आजींचा चेहरा सैलावायचा. मग टॉवेलांच्या घड्या घालायला दिल्या की हात कामात गुंतायचे आणि प्रश्न काही वेळ थांबायचा. पुन्हा आला की पुन्हा तेच उत्तर, त्याच सुरात.

प्रश्न कधी येतो तेही वहीत लिहा. या आजींच्या नोंदींत दिसलं की प्रश्न वाढला की थोड्या वेळाने त्या उठून दार शोधू लागायच्या. त्यांना लघवीला जायचं असायचं, पण सांगता येत नव्हतं. आधीच विचारून नेऊ लागलो तशी दुपार बरीच शांत झाली. असं कारण दर वेळी सापडेलच असं नाही. कधी नुसतीच बेचैनी असते, तेव्हा जवळ बसणं एवढंच करता येतं.

आपला सूर चढतोय असं वाटलं तर सोबतच्या माणसाला बसवून पाच मिनिटं बाहेर जा. ओढूनताणून आणलेलं हसू त्यांना लगेच कळतं.

आणि एखाद-दोन दिवसांत अचानक प्रश्न फार वाढले, गोंधळ वाढला किंवा माणूस एकदम सुस्त झाला, तर आजारच पुढे सरकला असं धरून बसू नका. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, शरीरातलं पाणी कमी होणं किंवा नवं औषध यांनीही असं होतं. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, आणि वहीतल्या नोंदी सोबत न्या.