तारखांचे शिक्के आणि झिजलेली फरशी: न विचारता माहिती गोळा करताना या चुका टाळा

तुम्ही काय वाचता, असे एखाद्याला समोर बसवून विचारले, की तो चार लोकांत सांगायला बरे वाटेल असे उत्तर देतो. त्यात लबाडी नसते. प्रश्न विचारला जाण्यानेच उत्तर थोडे सजून येते. म्हणून वाचनाचा अभ्यास करणारे पुष्कळदा वाचकाला काहीही न विचारता त्याने मागे ठेवलेल्या खुणांकडे वळतात: देवघेव नोंदवही, पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेली तारीख-चिठ्ठी, मळलेल्या कडा, कपाटासमोरची झिजलेली फरशी. यूजीन वेब, डोनाल्ड कॅम्पबेल, रिचर्ड श्वार्ट्झ आणि ली सेक्रेस्ट या चौघांनी अमेरिकेत १९६६ साली अशा मापांची पद्धतशीर मांडणी केली आणि त्यांतले धोकेही तिथेच नोंदवले. खुणा खोटे बोलत नाहीत, असा समज मात्र आजही आढळतो. खूण खोटे बोलत नाही हे खरे, पण ती कशी उमटली हे तपासले नाही तर आपण तिच्या तोंडी भलतेच वाक्य घालतो.

शिक्के मोजले, वाचक मोजले असे समजणे

सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो. एका तालुक्याच्या गावातील ग्रंथालयात मी काही दिवस तारीख-चिठ्ठ्या उतरवून घेत होतो. एका ऐतिहासिक कादंबरीच्या चिठ्ठीवर अकरा शिक्के होते आणि शेजारच्या चरित्रावर सहा, म्हणून मी कादंबरीला जवळजवळ दुप्पट वाचक आहेत असे टिपून ठेवले. दुसऱ्या दिवशी तारखा नीट लावून पाहिल्या. कादंबरीवरचे पहिले चार शिक्के बरोबर सात-सात दिवसांच्या अंतराने होते आणि पुढेही तीन शिक्क्यांची तशीच एक सलग रांग होती. त्या ग्रंथालयात पुस्तक सात दिवसांसाठी मिळे आणि मुदत वाढवून घेतली की नवा शिक्का बसे. नोंदवहीशी ताळा घेतल्यावर खुलासा झाला: पहिल्या रांगेत एकच सभासद, दुसऱ्या रांगेतही एकच, आणि उरलेल्या चार शिक्क्यांमागे चार वेगळे सभासद. म्हणजे अकरा शिक्के, पण वाचक सहा. चरित्राचे सहा शिक्के काही महिन्यांच्या अंतराने पडलेले होते आणि नोंदवहीत तिथे सहा वेगळे क्रमांक निघाले. दुप्पट वाटलेली मागणी प्रत्यक्षात समसमान होती.

पण तेवढ्याने काम संपले नव्हते. कादंबरीची चिठ्ठी उजेडात धरली, तर खाली आणखी एक जुनी चिठ्ठी दिसली. पहिली भरल्यावर तिच्यावरच दुसरी चिकटवली होती. चरित्राची पुनर्बांधणी झालेली होती आणि बांधणी करताना जुनी चिठ्ठी मूळ पुठ्ठ्यासह गेली होती. जे पुस्तक फार हाताळले जाते त्याचीच बांधणी सुटते, म्हणजे सर्वाधिक वापराचा पुरावा सर्वांत आधी नाहीसा होण्याची शक्यता असते. फाटून बाद झालेली पुस्तके तर आपल्या नमुन्यातच येत नाहीत. म्हणून केवळ कपाटावर उभ्या असलेल्या पुस्तकांवरून निष्कर्ष काढू नये. ग्रंथालयात आलेले प्रत्येक पुस्तक जिथे नोंदले जाते त्या दाखल नोंदवहीतून पुस्तके निवडावीत आणि त्यांतली कोणती बाद झाली, कोणती हरवली, कोणाची बांधणी कधी झाली, हे सोबत नोंदवावे.

आणि शिक्का हा पुस्तक नेल्याचा पुरावा आहे, वाचल्याचा नव्हे. नेलेले पुस्तक उशाशी पडून परतही येते. उलट एका शिक्क्यावर घरातली चार माणसे ते वाचून काढतात. जागेवर बसून चाळलेल्या संदर्भग्रंथाला तर शिक्काच नसतो. त्यासाठी सोपा उपाय आहे: ठरावीक काही दिवस, वाचून झालेले पुस्तक कपाटात परत न ठेवता टेबलावरच ठेवावे अशी सूचना लावावी आणि दिवसातून ठरलेल्या वेळी टेबलांवरची पुस्तके विषयवार मोजावीत. काही वाचक सवयीने पुस्तक जागेवर ठेवतातच, त्यामुळे हा आकडा थोडा कमीच येतो, हे लक्षात ठेवून तो वापरावा.

हाताशी किती होते, हे न पाहणे

समजा, ग्रंथालयात दहा हजार पुस्तके आहेत. त्यांत कादंबऱ्या चार हजार आणि चरित्रे पाचशे. वर्षभरात एकूण आठ हजार वेळा पुस्तके नेली गेली, त्यांत कादंबऱ्या ४,८०० वेळा आणि चरित्रे ५६० वेळा. नुसते आकडे पाहिले तर चरित्रांना कोणी विचारत नाही असे वाटेल. पण संग्रहात कादंबऱ्यांचा वाटा ४० टक्के आणि देवघेवीत ६० टक्के, म्हणजे दीडपट. चरित्रांचा संग्रहात ५ टक्के आणि देवघेवीत ७ टक्के, म्हणजे १.४ पट. दोन्ही प्रकार आपापल्या वाट्यापेक्षा जास्त आणि जवळजवळ सारख्याच ओढीने नेले जातात. चरित्रांची खरेदी कमी करण्याचा ठराव अशा वेळी नुसत्या आकड्यांच्या आधारे मांडला गेला, तर तो वाचकांवर अन्याय ठरतो.

गुणोत्तर काढल्यावरही पुस्तक कुठे ठेवले होते हे पाहावेच लागते. वाचक स्वतःच कपाटातून पुस्तक काढून घेतात अशा मुक्तद्वार पद्धतीत डोळ्यांच्या उंचीवरचा खण आणि कुलूपबंद काचेच्या कपाटातला खण यांना सारखी संधी मिळत नाही. काउंटरवरून मागून घ्यावे लागणारे पुस्तक संकोचानेही मागितले जात नाही.

नोंद ठेवण्याची रीत बदलली, ती माणसे बदलली असे धरणे

देवघेवीचा आलेख एका महिन्यात एकदम उसळला किंवा कोसळला, तर आधी वाचकांकडे न पाहता कचेरीकडे पाहावे. मुदत चौदा दिवसांवरून सातवर आली का, नोंद वहीतून संगणकावर गेली का, मुदतवाढ आता वेगळी मोजली जाते का, एका वेळी दोन पुस्तके देण्यास सुरुवात झाली का, हे विचारावे. माणसांची सवय बहुधा हळूहळू वळते. नियम मात्र एका तारखेला बदलतो. म्हणून आलेखावर अशा प्रत्येक तारखेला उभी रेघ मारून ठेवावी.

खरा बदल आणि नोंदीतला बदल वेगळा कसा काढावा, याचे मला आवडणारे उदाहरण अमेरिकेतील इलिनॉय राज्याचे आहे. दूरचित्रवाणी आल्याने वाचन घटले का, हा प्रश्न एडविन पार्कर यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ग्रंथालयांच्या देवघेवीवरून तपासला. योगायोगाने अमेरिकेत १९४८ ते १९५२ या काळात नव्या दूरचित्रवाणी केंद्रांना परवाने देणे थांबवलेले होते, त्यामुळे काही गावांत दूरचित्रवाणी आधी पोहोचली, तर काहींत बऱ्याच उशिरा. उशिरा पोहोचलेली गावे तुलनेसाठी आयती मिळाली. देवघेव घटण्याचे कारण दुसरे काही सर्वत्र घडलेले असते, तर ती दोन्ही गटांत एकाच वेळी घटायला हवी होती. प्रत्यक्षात ती आधी एका गटात आणि नंतर दुसऱ्या गटात, आपापल्या दूरचित्रवाणीच्या पाठोपाठ घटली. शिवाय घट कथा-कादंबऱ्यांत दिसली, माहितीपर पुस्तकांत नाही. कोणा ग्रंथालयाने मोजण्याची रीत बदलली असती, तर दोन्ही प्रकारांवर तिचा परिणाम व्हायला हवा होता. एकच आलेख हाती असताना असे काही सांगता येत नाही. तुलनेचा दुसरा आलेख शोधण्याला पर्याय नाही.

झीज म्हणजे आवड असे मानणे

शिकागोच्या विज्ञान आणि उद्योग संग्रहालयात अंड्यातून पिल्ले बाहेर पडताना दिसतात असे एक दालन होते. त्याच्यासमोरच्या फरश्या साधारण दर सहा आठवड्यांनी बदलाव्या लागत, तर इतर ठिकाणच्या वर्षानुवर्षे टिकत. हे उदाहरण या विषयात सतत दिले जाते आणि ते खरोखरच सुंदर आहे, पण त्यातून घाईने नियम काढला जातो. झिजलेल्या फरशीमागे पुष्कळ माणसे असतील, किंवा थोडीच माणसे बराच वेळ उभी राहून पाय हलवत असतील. फरशीवर दोन्हींची खूण एकच दिसते. त्यात संग्रहालयात शिरल्यावर उजवीकडे वळण्याचा लोकांचा कल असतो, हे आर्थर मेल्टन यांनी १९३०च्या दशकात दाखवले होते, त्यामुळे उजव्या हाताच्या दालनाला ही झीज आपोआप मिळते.

आपल्याकडच्या जुन्या वाचनालयांत शहाबादी फरशी असते. उंबऱ्याजवळची फरशी चपलेला लागून येणाऱ्या वाळूने घासली जाते, वर्तमानपत्रांच्या टेबलाखालची फरशी बाके ओढल्याने, आणि काउंटरसमोरची रांगेत उभे राहिल्याने. तिन्ही ठिकाणी खोलगट भाग दिसतो, पण ओढलेल्या बाकाने समांतर चरे पडतात आणि पायांनी गुळगुळीत, कडा नसलेली उथळ वाटी होते. फरशीवर सरळ पट्टी आडवी ठेवून मधली फट मोजावी, आणि तुलना फक्त एकाच वेळी बसवलेल्या, एकाच दगडाच्या फरश्यांची करावी. मधली एखादी फरशी फुटली म्हणून बदललेली असेल, तर तिची झीज शेजारणीशी जुळणार नाही. तिचा रंग आणि सांध्यातला सिमेंट पाहून ते ओळखता येते.

शंका फिटत नसेल, तर आठवडाभर ठरावीक वेळी तिथे थांबून माणसे आणि त्यांचा थांबण्याचा वेळ, असे दोन वेगळे रकाने भरावेत. जमल्यास वर्तमानपत्रांचे टेबल दुसऱ्या कोपऱ्यात हलवावे. गर्दी टेबलाच्या पाठोपाठ गेली तर ओढ वर्तमानपत्रांची होती. गर्दी जुन्याच जागी राहिली, तर ओढ बहुधा पंख्याची किंवा खिडकीच्या उजेडाची होती.

विचारले नाही, म्हणून परवानगीही नको असे समजणे

फरशीला नाव नसते, नोंदवहीला असते. सभासदाने पुस्तक नेताना ग्रंथालयावर विश्वास टाकलेला असतो, अभ्यासकावर नव्हे. एखाद्या आजारावरची, घटस्फोटाच्या कायद्यावरची किंवा व्यसनमुक्तीवरची पुस्तके कोणी नेली हे त्याने कोणालाही सांगितलेले नसते. म्हणून ग्रंथपाल आणि कार्यकारी मंडळ यांची लेखी परवानगी घ्यावी, आणि वही आपल्या हाती येण्यापूर्वीच नावे व सभासद क्रमांक झाकून त्यांच्या जागी निराळे क्रमांक देण्याचे काम ग्रंथालयातल्याच माणसाकडून करून घ्यावे. कोणता निराळा क्रमांक कोणाचा, याची यादी ग्रंथालयातच राहावी. वाचक सहा की अकरा, हे ठरवायला तेवढे पुरते.

एवढ्यावरही लहान गावात माणूस ओळखू येतो. नोंदीत वय, पेठ आणि व्यवसाय शिल्लक असेल, तर त्या पेठेतली निवृत्त शिक्षिका एकच असू शकते. त्यामुळे अहवाल लिहिताना ज्या रकान्यात पाचापेक्षा कमी माणसे येतात तो शेजारच्या रकान्यात मिसळावा, वय दशकांत लिहावे, आणि एकाच सभासदाने नेलेल्या पुस्तकांची यादी उदाहरण म्हणूनही छापू नये, ती कितीही बोलकी वाटली तरी.