सेवागौरवाचा परिचय करून देताना: सहकाऱ्यांच्या आठवणी कशा गोळा कराव्या, कशा सांगाव्या

समजा, भांडार विभागात पंचवीस वर्षं काम केलेल्या बाईंना सेवागौरव पुरस्कार मिळतोय आणि तीन मिनिटांत त्यांचा परिचय तुम्हाला करून द्यायचाय. रुजू झाल्याची तारीख, पदं, बढत्या हे आस्थापना विभागाकडून एका कागदावर मिळेल. पण ते सभागृहात बसलेल्या बहुतेकांना माहीत असतं. आठवणी मात्र लोकांकडे जाऊनच मिळवाव्या लागतात, म्हणून निदान दोन आठवडे आधी सुरुवात करा.

सहा-सात माणसं पुरेत, पण ती सगळी एकाच टेबलाभोवतीची नसावीत. जुना साहेब हवा, कालपरवा लागलेला मुलगा हवा, आणि ज्यांचं बाईंशी रोज काम पडतं पण ज्यांना सहसा कुणी विचारत नाही, ते चालक, शिपाई, सुरक्षारक्षकही हवेत. कार्यालयाच्या ग्रुपवर “बाईंच्या आठवणी पाठवा” असं टाकू नका. तिथे एकाने “खूप मनमिळाऊ” लिहिलं की पुढचे सगळे तेच लिहितात. एकेकाला गाठून दहा मिनिटं बोला.

खरं यश प्रश्नावर अवलंबून असतं. “बाई कशा आहेत?” असं विचारलं की उत्तरात विशेषणं येतात: कष्टाळू, प्रेमळ, शिस्तप्रिय. विशेषणांचा भाषणात काही उपयोग नाही, ती कुणालाही लागू पडतात. त्याऐवजी एखादा दिवस आठवेल असं विचारा. “बाई नसत्या तर काम अडलं असतं, असा दिवस आठवतो?” “त्यांनी तुम्हाला पहिल्यांदा काय शिकवलं?” “त्यांचं कुठलं वाक्य तुमच्या तोंडी बसलंय?” उत्तर आलं की आणखी एकच विचारा: “तेव्हा त्या नेमकं काय म्हणाल्या?” आणि ते शब्द तसेच्या तसे लिहून घ्या.

आपल्या उदाहरणातला चालक सांगतो, “संगणक आठवडाभर बंद होता, गाडी दारात उभी. बाईंनी हिरवी वही काढली आणि माल दाखवला.” लेखापाल म्हणतो, आठवडाभर कुठला, दोनच दिवस. असं नेहमी होतं. वाद मिटवत बसू नका. दोघांच्या सांगण्यात जे सारखं आहे तेवढंच ठेवा. संगणक बंद होता, वही होती, गाडी सुटली. दिवसांचा आकडा गाळला तरी आठवणीचं काही बिघडत नाही. उलट चुकीचा आकडा ऐकला की सभागृहात कुजबुज सुरू होते.

नवा मुलगा सांगतो, पहिल्याच आठवड्यात त्याने चुकीची नोंद केली आणि बाईंनी सुटीनंतर थांबून ती दुरुस्त करायला शिकवलं. आठवण सुंदर आहे, पण चूक त्याची आहे. ती सगळ्यांसमोर सांगू का, हे त्याला विचारा. तो कचरला तर सोडून द्या. दुसरा एक जण बाईंच्या विसरभोळेपणाचा किस्सा रंगवून सांगेल. तो दोघांमध्ये गोड वाटतो, पण माइकवर, घरच्यांसमोर आणि वरिष्ठांसमोर तो बोचतो. शंका असेल तर बाईंच्या जवळच्या मैत्रिणीला आधी ऐकवा.

आता निवड करा. तीन मिनिटांचं भाषण म्हणजे साधारण तीनशे शब्द, त्यात दोनच आठवणी नीट मावतात. पाच कोंबल्या तर एकही ऐकू जात नाही. सुरुवात थेट प्रसंगातून करा, नाव शेवटी घ्या:

“आपल्या भांडारात हिरव्या पुठ्ठ्याची एक वही आहे. संगणक बंद पडला होता, गाडी दारात उभी होती आणि माल कुठल्या कप्प्यात आहे हे कुणालाच सांगता येईना. तेव्हा ती वही कपाटातून बाहेर आली. आपले चालक दादा सांगतात, बाई एवढंच म्हणाल्या, ‘वही आहे ना, मग थांबायचं कशाला?’ रोज संध्याकाळी, कुणी न सांगता, त्या वहीत नोंद करणारा हात आज पुरस्कार घ्यायला पुढे येतोय.”

इथे वहीचा रंग आणि बाईंचं वाक्य हेच ऐकणाऱ्याच्या लक्षात राहतं, म्हणून दोन्ही जपा. “म्हणजेच बाई किती कर्तव्यदक्ष!” असं पुढे जोडायचा मोह होईल, तेव्हा आवरा, ते ऐकणाऱ्याला आपोआप कळलेलं असतं. आठवण कुणी सांगितली त्याचाही उल्लेख करा. चालक सभागृहात मागे बसलेला असतो आणि बाई त्याच्याकडे वळून बघतात. तिथे क्षणभर थांबा. नोकरीची वर्षं आणि पदं त्यानंतर एका वाक्यात सांगा, मग पूर्ण नाव स्पष्ट उच्चारा आणि माइकपासून बाजूला व्हा.

आदल्या दिवशी घड्याळ लावून एकदा मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते ते वाक्य लिखाणातलं असतं, बोलण्यातलं नसतं. ते मोडून दोन करा. ज्या आठवणी भाषणात बसल्या नाहीत त्या, सांगणाऱ्यांची हरकत नसेल तर, हाताने लिहून पाकिटात घाला आणि कार्यक्रमानंतर बाईंना द्या.